एकूण तफावतीची वाटणी

प्रस्तावना

सरळ रेषेचे रिग्रेशन केले की संगणक रेषेच्या समीकरणासोबत एक छोटा तक्ताही देतो. पाठ्यपुस्तकांत त्याला प्रचरण विश्लेषणाचा तक्ता म्हणतात, वर्गात आणि प्रयोगशाळेत सगळे ‘अनोव्हा टेबल’ म्हणतात. त्यात तीन ओळी असतात: रिग्रेशनची, अवशेषांची आणि एकूण. बहुतेकांची नजर थेट उजव्या टोकाच्या पी-किंमतीवर जाते, ती ०.०५ पेक्षा लहान दिसली की तक्ता मिटतो आणि अहवाल लिहायला घेतला जातो. या पुस्तकाचा बहुतेक भाग मात्र त्याच तक्त्याच्या डाव्या बाजूसाठी, वर्गांच्या बेरजेच्या रकान्यासाठी आहे. पी-किंमत त्या रकान्यातूनच निघते. तो रकाना कसा भरला गेला हे माहीत नसेल, तर पी-किंमत काय सांगते आहे हेही कळत नाही.

मला जे सांगायचे आहे ते थोडे आहे. हा तक्ता तफावत किती आहे ते चोख वाटून देतो, पण ती कोणत्या निरीक्षणांतून आली हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. शिवाय ही वाटणी दोन अटींवर उभी आहे. त्यांतली एक मोडली तरी तक्ता छापला जातोच, आणि तो दिसायला अधिक आकर्षक असतो.

हे दाखवायला मी एकच उदाहरण निवडले आहे. १९७३ साली फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम्ब यांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात आलेखांच्या उपयोगावर एक छोटा लेख लिहिला. त्यात त्यांनी स्वतः रचलेले आकड्यांचे चार संच दिले, प्रत्येकात अकरा निरीक्षणे. आज ते संच जगभर ‘अ‍ॅन्स्कोम्बची चौकडी’ म्हणून ओळखले जातात आणि संख्याशास्त्राच्या ‘आर’ या संगणक भाषेत ते आधीपासूनच साठवलेले असतात. आकडे लहान आहेत, सरासऱ्या सोप्या आहेत. अर्ध्या पानावर पेन्सिलीने सगळे करता येते.

पहिला संच घेऊ. क्षच्या किमती १०, ८, १३, ९, ११, १४, ६, ४, १२, ७, ५ आहेत आणि त्याच क्रमाने यच्या किमती ८.०४, ६.९५, ७.५८, ८.८१, ८.३३, ९.९६, ७.२४, ४.२६, १०.८४, ४.८२, ५.६८. क्षची सरासरी बरोबर ९, यची ७.५०. किमान वर्गांच्या पद्धतीने येणारी रेषा अशी: य = ३ + ०.५ × क्ष. (अगदी काटेकोर उतार ०.५०००९ आहे, आपल्याला ०.५ पुरे.)

क्षची काहीच माहिती नसती, तर यचा अंदाज म्हणून प्रत्येक वेळी सरासरीच सांगावी लागली असती. त्या अंदाजातून होणाऱ्या चुकांचे वर्ग करून बेरीज घेतली की एकूण वर्गबेरीज मिळते. इथे ती ४१.२७ आहे. रेषा हाती आल्यावर अंदाज सुधारतो. तरीही उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज म्हणजे अवशेषांची वर्गबेरीज, १३.७६. रेषेने ठरवलेल्या किमती सरासरीपासून किती दूर गेल्या, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे रिग्रेशनची वर्गबेरीज, २७.५१. आणि २७.५१ अधिक १३.७६ बरोबर ४१.२७.

ही बेरीज जुळते म्हणून विद्यार्थी ती गृहीत धरतात. मला वाटते, ती जुळते याचे थोडे आश्चर्य वाटायला हवे. क्ष १३ असलेले निरीक्षण पाहा. तिथे य ७.५८ आहे, म्हणजे सरासरीपेक्षा फक्त ०.०८ ने जास्त. रेषा तिथे ९.५० सांगते. म्हणून रेषेचा वाटा ९.५० वजा ७.५०, म्हणजे २.००, आणि अवशेष ७.५८ वजा ९.५०, म्हणजे उणे १.९२. साध्या अंतरांची बेरीज जुळली: २.०० वजा १.९२ बरोबर ०.०८. आता वर्ग करा. एकूण अंतराचा वर्ग ०.००६४, तर वाट्यांचे वर्ग ४.०० आणि ३.६९. त्यांची बेरीज ७.६९ येते. एका निरीक्षणापुरते पाहिले तर हिशेब साफ कोसळतो.

क्ष १२ च्या जागी उलट घडते. तिथे य १०.८४ आहे, सरासरीपासून ३.३४ वर, त्यातले १.५० रेषेचे आणि १.८४ अवशेषाचे. एकूण अंतराचा वर्ग ११.१६, वाट्यांच्या वर्गांची बेरीज ५.६४. पहिल्या ठिकाणी वाट्यांची बेरीज जास्त भरली, दुसऱ्या ठिकाणी कमी पडली. म्हणजे तफावतीची वाटणी एकेका निरीक्षणासाठी खरी नसते, ती फक्त सगळ्यांची बेरीज घेतल्यावर खरी ठरते. हे एकदा हाताने करून पाहिले की तक्त्याकडे बघण्याची नजर बदलते.

फरक पडतो तो गुणाकाराच्या पदामुळे. दोन वाट्यांच्या बेरजेचा वर्ग केला की दोन वर्गांखेरीज वाट्यांच्या गुणाकाराची दुप्पटही येते. क्ष १३ ला ती उणे ७.६८ आहे, क्ष १२ ला अधिक ५.५२. अकराही निरीक्षणांची ही पदे मिळवली की उत्तर शून्य येते, आणि ते योगायोगाने येत नाही. किमान वर्गांची पद्धत रेषा निवडतानाच दोन अटी पाळते: सगळ्या अवशेषांची बेरीज शून्य, आणि प्रत्येक अवशेषाला त्याच्या क्षने गुणून केलेली बेरीजही शून्य. रेषेचा वाटा प्रत्येक ठिकाणी ‘उतार गुणिले क्षचे सरासरीपासूनचे अंतर’ एवढाच असतो. म्हणून रेषेचे वाटे आणि अवशेष यांच्या गुणाकारांची बेरीज या दोन अटींतूनच शून्य होते. पाचव्या प्रकरणात याची सिद्धता आहे, पण मुद्दा वरच्या तीन वाक्यांत आला आहे. दोन्ही अटी हव्यात. एक सुटली तरी वाटणी बिघडते, आणि त्याचे उदाहरण पुढे येईलच.

संपूर्ण तक्ता असा दिसतो:

| स्रोत | डिग्रीज ऑफ फ्रीडम | वर्गबेरीज | सरासरी वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| रिग्रेशन | १ | २७.५१ | २७.५१ | १७.९९ |
| अवशेष | ९ | १३.७६ | १.५३ | |
| एकूण | १० | ४१.२७ | | |

दुसऱ्या रकान्यातही वाटणीच आहे. अकरा निरीक्षणांतून एक सरासरी काढली म्हणून एकूण ओळीला दहा उरतात. रेषेचे वाटे सगळे एकाच उतारावर अवलंबून, म्हणून रिग्रेशनला एक, आणि अवशेषांकडे नऊ. वर्गबेरजेला त्या त्या संख्येने भागले की सरासरी वर्ग मिळतो. अवशेषांचा सरासरी वर्ग १.५३ हा रेषेभोवतीच्या विखुरणीचा अंदाज. त्याचे वर्गमूळ १.२४, म्हणजे या रेषेवरून केलेला यचा अंदाज साधारण तेवढ्याने चुकतो. अहवालात सगळ्यात आधी मला हा आकडा वाचायला आवडतो, कारण तो यच्याच एककात असतो. दोन सरासरी वर्गांचा भागाकार म्हणजे एफ. पाच टक्के पातळीला १ आणि ९ साठी त्याची सीमा ५.१२ आहे, आपले १७.९९ तिच्या खूप पुढे. उताराची टी-किंमत ४.२४ येते, आणि तिचा वर्ग हाच १७.९९. साध्या रिग्रेशनमध्ये या दोन चाचण्या एकच असतात, त्यांना दोन वेगळे पुरावे म्हणून मांडू नये.

‘आर’मध्ये हा तक्ता मिळवायला एक ओळ पुरते:

```
anova(lm(y1 ~ x1, data = anscombe))
```

पडद्यावर `x1` आणि `Residuals` या दोनच ओळी दिसतील. एकूणची ओळ ‘आर’ छापत नाही, ती आपण बेरीज करून लिहायची. मला ही चांगलीच गोष्ट वाटते.

या मांडणीमागचा इतिहास थोडक्यात सांगतो. किमान वर्गांची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. रोनाल्ड फिशर यांनी १९१८ च्या आनुवंशिकतेवरील लेखात प्रचरणाची कल्पना मांडली आणि रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात असताना, १९२५ च्या आपल्या पुस्तकातून तक्त्याची ही पद्धत संशोधकांच्या हाती दिली. ते तिला प्रमेय मानत नसत. आकडेमोड सोयीने मांडण्याची रीत, एवढेच ते म्हणत. एफ हे अक्षर जॉर्ज स्नेडेकर यांनी फिशर यांच्या सन्मानार्थ वापरले. भारतात शेतकी संशोधकांच्या कित्येक पिढ्या हा तक्ता पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या इंग्रजी पुस्तकातून शिकल्या.

आता चौकडीतल्या उरलेल्या तीन संचांकडे येऊ. त्यांचे तक्ते काढले तर चारही तक्ते जवळपास सारखेच येतात. रिग्रेशन २७.५, अवशेष १३.७ ते १३.८, एकूण ४१.२ ते ४१.३, एफ १८. रेषाही तीच, य = ३ + ०.५ × क्ष. पण कागदावर बिंदू मांडले की चार वेगळी चित्रे दिसतात.

दुसऱ्या संचात बिंदू एका गुळगुळीत वक्रावर बसले आहेत, आधी चढतात आणि मग वाकून खाली येतात. तिथे अवशेषांची वर्गबेरीज १३.७८ आहे, पण त्यात यादृच्छिक विखुरणी जवळजवळ काहीच नाही. क्षच्या वर्गाचे एक पद जोडले की ती शून्याच्या जवळ येते. म्हणजे पहिल्या संचातले १३.७६ आणि इथले १३.७८ या एकाच रकान्यात बसणाऱ्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात ती विखुरणी आहे, दुसऱ्यात रेषेचा आकारच चुकला आहे. तक्त्याच्या दृष्टीने दोन्ही ‘अवशेष’.

तिसऱ्या संचात दहा बिंदू एका रेषेवर अगदी नेमके बसले आहेत, पण ती रेषा आपली नाही. तिचा उतार सुमारे ०.३५ आहे. अकरावा बिंदू क्ष १३ वर, १२.७४ इतका उंच. आपल्या रेषेपासून तो ३.२४ वर आहे, आणि ३.२४ चा वर्ग १०.५. अवशेषांच्या १३.७६ मधले तीन चतुर्थांशांहून अधिक या एकट्या बिंदूचे आहे. उरलेले सव्वातीनही बाकीच्यांची स्वतःची विखुरणी नव्हे. त्या एका बिंदूने रेषा आपल्याकडे ओढली, म्हणून ते तिच्यापासून दूर पडले.

चौथा संच मला सगळ्यांत बोधक वाटतो, कारण तिथे गोंधळ वरच्या ओळीत आहे. दहा निरीक्षणांना क्ष ८ आहे, एकाला १९. त्या दहांची यची सरासरी ७.०० आणि एकट्या बिंदूचा य १२.५०. रेषा या दोन जागा जोडते. एकट्या बिंदूपाशी रेषेचा वाटा ५.००, त्याचा वर्ग २५. बाकी दहांचा प्रत्येकी अर्धा, वर्ग पाव, मिळून अडीच. म्हणजे रिग्रेशनच्या २७.५ मधले २५ एकाच निरीक्षणातून आले आहेत. ते चुकीचे नोंदवले गेले असेल तर उतार उरतच नाही. आणि त्या बिंदूचा अवशेष नेहमी शून्य येणार, कारण रेषेला त्याच्यातूनच जावे लागते. अवशेषांची यादी पाहून तो कधीच संशयित ठरणार नाही. म्हणून या पुस्तकात अवशेषांबरोबर प्रत्येक निरीक्षणाचा रेषेवरील जोर, म्हणजे ‘लिव्हरेज’, मोजायलाही शिकवले आहे. चौथ्या संचात त्या बिंदूसाठी तो १ येतो, त्याहून जास्त तो असूच शकत नाही.

याच संचातून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. क्ष ८ वर दहा वेळा मोजणी झाली असल्याने तिथली तफावत रेषेमुळे नाही हे नक्की. त्याच क्षला य जेवढा बदलतो तेवढी ती शुद्ध विखुरणी. एकाच क्षला अनेकदा मोजले असेल तर अवशेषांची ओळ आणखी दोन भागांत वाटता येते: शुद्ध विखुरणी, आणि रेषेचा आकार न जुळल्याने आलेला भाग. दुसऱ्या संचात अशा पुन्हा केलेल्या मोजण्या असत्या, तर वक्रता तक्त्यातूनच पकडता आली असती. तिथे प्रत्येक क्ष एकदाच आला आहे, म्हणून आलेखाशिवाय मार्ग नाही. प्रयोग आखणाऱ्याने काही क्षकिमतींवर मोजणी पुन्हा करावी असा माझा आग्रह आहे, आणि तो याच कारणासाठी.

आता मोडलेल्या अटीकडे. पुष्कळदा असे वाटते की क्ष शून्य असताना यही शून्यच असला पाहिजे, म्हणून रेषा आरंभबिंदूतून न्यावी. ‘आर’मध्ये सूत्राच्या शेवटी `- 1` लिहिले की ते होते. पहिल्या संचावर हे करून पाहा. उतार ०.५ चा ०.८० होतो आणि अवशेषांची वर्गबेरीज १३.७६ वरून २४.६४ वर जाते, म्हणजे रेषा बरीच वाईट बसली. पण छापलेला आर-स्क्वेअर ०.६७ वरून ०.९६ होतो! आकडा सुधारलेला दिसतो म्हणून अनेकजण हीच रेषा ठेवतात.

कारण सोपे आहे. रेषेला उंचीचे स्वातंत्र्य काढून घेतले की अवशेषांची बेरीज शून्य राहत नाही, आणि सरासरीभोवतीची वाटणी जुळत नाही. म्हणून संगणक सरासरी सोडून शून्यापासूनची अंतरे मोजतो. यच्या सगळ्या वर्गांची बेरीज ६६०.१७ आहे, त्यातला ६३५.५३ रेषेचा आणि २४.६४ अवशेषांचा. ही वाटणीही खरीच आहे, पण ती वेगळ्याच एकूणाची आहे. त्या ६६० मधले ६१९ तर य सरासरीने शून्यापासून दूर आहे एवढ्यामुळेच आले आहेत, त्यात क्षचा काही संबंध नाही. जुन्या एकूणाशी, ४१.२७ शी तुलना केली तर ही रेषा सुमारे ०.४० एवढीच भरते. ओळखण्याची खूण एकच: एकूण ओळीत डिग्रीज ऑफ फ्रीडम निरीक्षणांपेक्षा एकाने कमी आहेत की तेवढ्याच आहेत ते पाहा. अकरा निरीक्षणांना अकरा दिसल्या, तर तो सरासरीभोवतीचा तक्ता नाही.

शेवटचा मुद्दा वरच्या ओळीबद्दलच आहे, आणि तो क्षेत्रकामात सर्वांत जास्त निसटतो. रिग्रेशनची वर्गबेरीज म्हणजे उताराचा वर्ग गुणिले क्षची स्वतःची वर्गबेरीज. पहिल्या संचात क्षची वर्गबेरीज ११० आहे, आणि ०.५ च्या वर्गाने गुणले की २७.५. म्हणजे या ओळीचा अर्धा भाग निसर्गाचा आणि अर्धा आपण निवडलेल्या क्षचा. क्ष ४ ते १४ ऐवजी त्याच्या निम्म्या पट्ट्यात, ६.५ ते ११.५ मध्ये, घेतला असता तर त्याची वर्गबेरीज चौथाई, २७.५, झाली असती. उतार तोच आणि विखुरणी तीच धरली तर रिग्रेशनला ६.९ मिळतात, अवशेष १३.७६ च राहतात, आर-स्क्वेअर ०.६७ वरून ०.३३ वर येतो आणि एफ ४.५, म्हणजे ५.१२ च्या आत. नाते तेच, निष्कर्ष मात्र उलटा. म्हणून दोन ठिकाणच्या अभ्यासांची तुलना आर-स्क्वेअरवरून करू नये. उतार, त्याची प्रमाण त्रुटी आणि अवशेषांचा सरासरी वर्ग यांवरून करावी. क्षचा पट्टा बदलला तरी यांतला पहिला आणि तिसरा आकडा तसे हलत नाहीत.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिली चार प्रकरणे हाताने करायच्या हिशेबांची आहेत, संगणक सहाव्या प्रकरणात येतो. अनेक क्ष असलेले रिग्रेशन यात नाही. तिथे रिग्रेशनच्या ओळीची वाटणी क्षच्या क्रमावर अवलंबून राहते, आणि त्या विषयाला स्वतंत्र पुस्तक हवे.

वाचकांना एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी वर दिलेल्या अकरा जोड्या कागदावर उतरवा. प्रत्येकीपुढे रेषेची किंमत, रेषेचा वाटा आणि अवशेष लिहा, गुणाकाराच्या पदांची बेरीज करा. किमती दोन दशांशांत घेतल्यामुळे उत्तर शून्याऐवजी ०.०१ च्या आसपास येईल. त्याहून जास्त आले, तर चिन्हे पुन्हा तपासा.